सातवा महिना आणि डोहाळे जेवणाचे ताट

चैत्रातली दुपार होती. तपासणीची वेळ संपत आलेली असताना एक साठीच्या बाई सुनेला घेऊन आत आल्या आणि खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाल्या, "डॉक्टरबाई, तुमचं पथ्य आम्ही सगळं पाळतोय. पण येत्या रविवारी हिचं डोहाळे जेवण आहे. तेवढा एक दिवस सूट द्या. पहिलटकरीण आहे, ताटाला नाही म्हणू नका."

सून मान खाली घालून बसली होती. तिला आपण सुमन म्हणू, खरे नाव वेगळे आहे. सुमनला तिसावा आठवडा लागला होता. चार आठवड्यांपूर्वी तिच्या रक्तातली साखर वाढलेली आढळली होती. सासूबाईंच्या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात उत्तर देणे सोपे होते, पण ते दोन्ही चुकीचे ठरले असते. अशा प्रसंगी काय करावे, हे आमच्या भागातल्या अनेक घरांना उपयोगी पडेल असे वाटल्यावरून आजचा लेख त्यावरच लिहीत आहे.

डोहाळे जेवण हे मुळात कशासाठी, ते आधी पाहू. 'डोहाळा' हा शब्द संस्कृत 'दोहद'वरून आला. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात असे म्हटले आहे की चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, म्हणून गर्भिणीला दोन हृदये असतात. तिची इच्छा ही एकटीची नसून गर्भाचीही असते, तेव्हा ती पुरवावी. सीमंतोन्नयन हा गर्भवतीचा संस्कार गृह्यसूत्रांत सांगितला आहे, त्यात मंत्र आहेत, विधी आहेत. डोहाळे जेवण मात्र बायकांनी बायकांसाठी चालवलेली रीत आहे. तिला भटजी लागत नाही. तिसऱ्या महिन्यात घरातल्या घरात, गाजावाजा न करता चोरओटी भरतात, आणि गर्भ स्थिरावला की सातव्या महिन्यात उघडपणे डोहाळे जेवण करतात. काही घरांत पाचव्यात, काही घरांत नवव्यात करतात. या साऱ्याच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे : "तुला काय खावेसे वाटते?" नव्या घरात आलेल्या, बहुधा सर्वांत शेवटी जेवणाऱ्या सुनेला हा प्रश्न वर्षानुवर्षे कोणी विचारत नसे. तो सर्वांसमक्ष विचारण्याचा दिवस म्हणून मला ही रीत आवडते.

वैद्यकाच्या दृष्टीनेही हा प्रश्न कामाचा आहे. आंबट, तिखट, गोड खावेसे वाटणे यात शरीराला त्याची गरज असतेच असे सिद्ध झालेले नाही. पण काही डोहाळे आम्हा डॉक्टरांचे कान टवकारायला लावतात. कालिदासाच्या रघुवंशात सुदक्षिणा राणी माती खाते आणि दिलीप राजाला तिच्या मुखाला येणारा मातीचा वास कळतो, असा प्रसंग आहे. कवीने तो कौतुकाने रंगवला. आज अशी राणी माझ्याकडे आली तर मी प्रथम तिचे हिमोग्लोबिन तपासायला पाठवीन. भाजलेली माती, पाटीवरची पेन्सिल, खडू, कच्चे तांदूळ, राख, सारखा बर्फ, यांची ओढ लोहाच्या कमतरतेत पुष्कळदा दिसते. लोहाच्या गोळ्या नीट सुरू झाल्या की बऱ्याच जणींची ही ओढ आपोआप जाते. अडचण अशी की बायका हे डोहाळे सांगत नाहीत. "चिंच खावीशी वाटते" हे हसत सांगतात, आणि पदराला बांधलेली पेन्सिल लपवतात. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या बाईने डोहाळे विचारताना हेही हळूच, एकांतात विचारावे. माती खाल्ल्याने पोटात जंत जाण्याची भीती असते आणि खडूने पोट भरले की अन्न कमी जाते, ते वेगळेच.

असो. आता प्रत्यक्ष समारंभाकडे येऊ.

आमच्याकडे साधारण बेत असा असतो. सकाळी गर्भवतीला न्हाऊ घालून हिरवी साडी नेसवतात, हातात हिरवा चुडा भरतात, फुलांचे दागिने घालतात. झोपाळा, चंद्रकोर, नाव किंवा बाग सजवून त्यात तिला बसवतात, फोटो काढतात. सुवासिनी ओवाळतात, खण, नारळ आणि तांदळाने ओटी भरतात, डोहाळ्यांची गाणी म्हणतात. दोन झाकलेल्या वाट्यांतून एक उचलायला लावतात : पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. हा खेळ गमतीचा असेल तोवर ठीक. बर्फी निघाल्यावर ज्या घरात क्षणभर सगळे गप्प होतात, तिथे तो खेळूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यानंतर ताट : वरणभात, मसालेभात, साखरभात, दहीभात असे भाताचे चार-पाच प्रकार, पुरणपोळी, करंजी, लाडू, जिलबी, अळूवडी, भजी, कुरडया, पापड, कोशिंबीर, मठ्ठा. उन्हाळा असेल तर कैरीचे पन्हे.

हे ताट वाचूनच पोट भरते. सातव्या महिन्यात ते खरोखरच लवकर भरते. वाढलेले गर्भाशय जठराला खालून वर रेटत असते. शिवाय गरोदरपणातल्या एका संप्रेरकामुळे अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप सैल झालेली असते. त्यामुळे पोटभर जेवून कंबर वाकवून बसले की आंबट पाणी घशाशी येते, छातीत जळजळते. माझे स्वतःचे डोहाळे जेवण मला आजही आठवते. साखरभात, पुरणपोळी आणि तळण खाऊन मी सव्वा तास पाटावर मांडी घालून बसले होते, आणि शेवटची ओटी भरून होताच मागच्या अंगणात जाऊन सगळे ओकून टाकले. मावशी म्हणाली, दृष्ट लागली. दृष्ट नव्हती, दीड पोळी जास्त झाली होती. तेव्हा मी डॉक्टर होते, तरी गप्प बसून खाल्ले. सर्वांसमोर नवऱ्या मुलीसारखे बसल्यावर 'पुरे' म्हणणे किती अवघड असते, हे मला तेव्हा कळले.

आता सुमनची गोष्ट. गरोदरपणी वारेतून निघणारी काही संप्रेरके आईच्या इन्सुलिनचे काम अडवतात. बहुतेक जणींचे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करून हे भागवते. काहींचे भागत नाही आणि साखर चढते. हाच गरोदरपणातला मधुमेह. त्याला बाहेरून काही लक्षण नसते, म्हणून तपासूनच शोधावा लागतो. आपल्या सरकारी आरोग्य व्यवस्थेने ठरवलेली पद्धत सोपी आहे : पहिल्या भेटीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त तपासतात. उपाशी पोटी यावे लागत नाही. आकडा 140 किंवा त्याहून जास्त आला तर मधुमेह समजतात. सुमनचा पहिल्या भेटीतला आकडा ठीक होता, 26 व्या आठवड्यात मात्र 162 आला.

आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचे इन्सुलिन जात नाही. मग बाळ स्वतःच जादा इन्सुलिन बनवते आणि त्याच्या अंगावर, विशेषतः खांद्यांवर, चरबी चढते. प्रसूतीच्या वेळी असे बाळ अडू शकते. नाळ कापल्यावर आईची साखर बंद होते, पण बाळाचे इन्सुलिन चालूच राहते, म्हणून जन्मानंतरच्या पहिल्या तासांत त्याची साखर एकदम उतरू शकते. घाबरायचे ते यासाठी. सुमनला दोन आठवडे फक्त आहार आणि रोजचे चालणे सांगितले. जेवणानंतर दोन तासांनी साखर 120 च्या आत असावी, असे आमचे लक्ष्य असते. तिची 114 आली. म्हणजे गोळी किंवा इन्सुलिन न देता भागत होते. आणि अशा वेळी रविवार येऊन ठेपला.

मी सासूबाईंना म्हटले, "काकू, ताटाचं नंतर बघू. आधी मला सांगा, किती बायका येणार?"

"वीस-पंचवीस तरी."

"आणि प्रत्येक जण घास भरवणार?"

"हो तर. शिऱ्याचा."

मी टेबलावरच्या कागदावर हिशेब मांडला. घास म्हणजे एक मोठा चमचा, साधारण पंधरा ग्रॅम. तेवीस बायका धरल्या तर साडेतीनशे ग्रॅम शिरा, म्हणजे घरातल्या वाटीने जवळजवळ तीन वाट्या. एका वाटीत पाच-सहा चमचे साखर धरली तर ताट समोर येण्याच्या आधीच पोरीच्या पोटात पंधराएक चमचे साखर गेलेली असते. आणि मग आपण ताटातली जिलबी तेवढी काढून टाकतो व पथ्य पाळले म्हणतो! काकू कागदाकडे पाहत राहिल्या. हा घासाचा हिशेब बहुतेक घरांच्या लक्षातच येत नाही. ज्यांना मधुमेह नाही त्यांचेही पोट याच घासांनी बिघडते.

"एक दिवसाने काय होतंय?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. एका दिवसाच्या साखरेने बाळ मोठे होत नाही. पण मी सुमनला विचारले, "किती ठिकाणी आहे?" तेव्हा कळले की हा रविवार सासरचा, पुढच्या गुरुवारी शाळेतल्या सहकारी शिक्षिकांचा आणि त्यानंतरचा माहेरचा. शिवाय प्रत्येक ठिकाणाहून लाडू-करंज्यांचा डबा बरोबर. एक दिवस म्हणता म्हणता पंधरवडा होतो.

मग आम्ही तिघींनी बसून बेत ठरवला. घास फक्त पाच सुवासिनींनी भरवायचा, आणि तो शिऱ्याचा नाही, मोड आलेल्या मुगाच्या उसळीचा. बाकीच्यांनी हळदकुंकू लावून ओटी भरायची. ताट नेहमीचेच मांडायचे, कारण सुमनला फोटोत रिकामे ताट नको होते आणि मलाही ते नको होते. फक्त त्यातले खायचे काय आणि कुठल्या क्रमाने, हे आधी ठरवायचे. आधी काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आणि उसळ. मग अर्धी पुरणपोळी तुपाबरोबर. एक मध्यम पुरणपोळी म्हणजे दोन फुलक्यांएवढे पीठ-डाळ आणि वर तीन-चार चमचे गूळ, म्हणून अर्धीच. नंतर अर्धी वाटी मसालेभात, वाटीभर घट्ट वरण, एक अळूवडी. साखरभाताची चव म्हणून एक चमचा. पन्हे नाही, कारण पेलाभर पन्ह्यातली साखर पातळ असल्याने रक्तात सर्वांत झटपट चढते. त्याऐवजी जिरे घातलेले ताक. राहिलेल्या गोडातले जे खावेसे वाटेल त्यातले एक, चार वाजता, लहान. जेवण झाल्यावर लगेच आडवे न होता ओसरीवर दहा-पंधरा मिनिटे चालायचे.

यात दोन गोष्टी मी मुद्दाम बजावल्या. पथ्य म्हणून सकाळपासून उपाशी ठेवायचे नाही. नेहमीची न्याहारी वेळेवर द्यायची. उपाशी राहून दुपारी एकदम जेवले की साखर जास्त उसळते आणि गरोदर बाईने फार वेळ उपाशी राहणे केव्हाही वाईटच. दुसरी गोष्ट सुमनला लागू नव्हती, पण इन्सुलिन घेणाऱ्या बायकांसाठी फार महत्त्वाची आहे. समारंभ साडेबाराला ठरतो आणि ताट दोनला येते. साडेबारा धरून जेवणाआधीचे इन्सुलिन टोचून ठेवले तर दीडच्या सुमारास हातपाय थरथरतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. लोक म्हणतात उकाड्याने झाले आणि पंखा लावतात. अशा वेळी हाताशी मीटर असेल तर साखर पाहावी, नसेल तर वाट न पाहता तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायला द्यावी. इन्सुलिन ताट समोर दिसल्यावरच घ्यावे.

रविवारी जेवणानंतर दोन तासांनी घरच्या मीटरवर आकडा आला 131. लक्ष्यापेक्षा थोडा जास्त, पण काळजीचा नाही. रात्री ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी, दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी 88. शाळेत तर बाईंनी फळे आणि भेळ ठेवली होती, तिथेही निभावले. माहेरी मात्र घोटाळा झाला. आईला कोणी काही सांगितलेच नव्हते. सासरी एवढे कडक पथ्य म्हणजे पोरीला जेवूच देत नाहीत, असा तिचा समज झाला. "इथे कोण बघतंय" म्हणत तिने प्रेमाने दोन पोळ्या, बासुंदी आणि बावीस घास खाऊ घातले. आकडा 186. सुमन घाबरून दुसऱ्या दिवशी आली. पुढचे दोन दिवस दर जेवणानंतर साखर पाहिली, ती पुन्हा 120 च्या आत उतरली, म्हणून औषध वाढवावे लागले नाही. त्यानंतर मी आईला बोलावून तोच कागद तिच्यापुढे ठेवला. तेव्हापासून माझा नियम आहे : पथ्य सांगायचे ते सासू आणि आई दोघींना एकत्र बसवून. एकीला सांगितलेले दुसरीला टोमण्यासारखे पोचते.

सुमनची प्रसूती 39 व्या आठवड्यात झाली, बाळ तीन किलो शंभर ग्रॅम. बाळाची साखर जन्मानंतर तपासली, ठीक होती. सहा आठवड्यांनी सुमनला पुन्हा ग्लुकोज देऊन तपासले, तीही ठीक. मात्र गरोदरपणी एकदा मधुमेह झालेल्या बाईला पुढे आयुष्यात तो होण्याचा संभव जास्त असतो, म्हणून तिने दरवर्षी तपासणी करून घ्यायची आहे.

ज्यांना साखरेचा त्रास नाही त्यांनी एवढे मोजूनमापून खायचे कारण नाही. थोडे थोडे, दोन वेळांत विभागून खाल्ले म्हणजे पुरे. ताटातल्या लिंबाच्या फोडीचा आणि आवळ्याच्या लोणच्याचा मात्र उपयोग करून घ्यावा, कारण आंबटातले क जीवनसत्त्व अन्नातले लोह शोषून घ्यायला मदत करते. उलट जेवणावर लगेच घेतलेला चहा ते शोषण कमी करतो. पाहुण्यांना चहा द्या, उत्सवमूर्तीला तासाभराने. लोहाची गोळी समारंभाच्या गडबडीत चुकवू नये, आणि ती कॅल्शियमच्या गोळीबरोबर एकाच वेळी घेऊ नये.

स्वयंपाकाबद्दल एकच सांगते. सकाळी सातला भाताचे पाच प्रकार करून पातेली झाकून ठेवायची आणि दुपारी दोनला वाढायची, ही पद्धत उन्हाळ्यात धोक्याची आहे. शिजवलेला भात गरम हवेत राहिला की त्यात जंतू वाढतात, आणि त्यांनी सोडलेले विष पुन्हा गरम करूनही जात नाही. भात शेवटी लावावा. खव्याचे पेढे त्याच दिवशीचे आणावेत. पन्ह्यात किंवा सरबतात बाहेरचा बर्फ घालू नये, पाणी उकळलेले असावे. डोहाळे पुरवायचे म्हणून गाड्यावरची पाणीपुरी आणण्याची नवी हौस दिसते. दूषित पाण्यातून होणारी 'ई' प्रकारची कावीळ इतरांना बहुधा सौम्य असते, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती आईच्या जिवावर बेतू शकते. पाणीपुरी हवी तर घरी करा, घरच्या उकळलेल्या पाण्याची. तिला तीच आवडेल, कारण पहिली पुरी तिला मिळेल.

आता शेवटची आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका घरी सकाळी चुडा भरायला कासारीण आली होती. मुलीला नेहमी दोन-चारच्या मापाची बांगडी चढायची, त्या दिवशी दोन-सहाचीही अंगठ्यापाशी अडली. "हात सुजलाय बाईचा," एवढे कासारीण म्हणाली. घरातल्यांनी साबण लावून चुडा भरला. दुपारी मुलीचे डोके दुखू लागले, गाण्यांच्या गोंगाटाने दुखत असेल म्हणून गोळी दिली. संध्याकाळी डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले, तेव्हा मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. रात्री दहाला उलट्या सुरू झाल्यावर तिला माझ्याकडे आणले. ब्लडप्रेशर 170/110 आणि लघवीत प्रथिने. फिट येऊ नये म्हणून मॅग्नेशियमचे इंजेक्शन देऊन तिला रातोरात जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. तिथे मूल महिन्याहून जास्त अगोदर जन्माला आले आणि कित्येक दिवस काचेच्या पेटीत राहिले. दोघे वाचले. चुड्याच्या वेळी आणले असते तर हातात बारा तास जास्त मिळाले असते.

पायावर संध्याकाळी थोडी सूज येणे हे सातव्या महिन्यात पुष्कळ जणींना होते. पण हात आणि चेहरा एकाएकी सुजणे, अंगठी निघेनाशी होणे, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे ठिणग्या किंवा धूसर दिसणे, वरच्या पोटात, विशेषतः उजवीकडे, दुखणे, लघवी कमी होणे, बाळाची हालचाल कमी होणे, यांतले काहीही दिसले तर पाहुणे जेवायचे आहेत की नाहीत हे न पाहता दवाखान्यात जावे. मंडप एक तास थांबेल. शक्य असेल तर समारंभाच्या आदल्या दिवशीच ब्लडप्रेशर मोजून घ्यावे, तुमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रातही ते मोजून मिळते.

आणि तिला पाटावर दोन दोन तास मांडी घालून बसवू नका. पाठीला टेकू असलेली खुर्ची द्या, पाय चौरंगावर ठेवू द्या, अर्ध्या तासाने उठवून दोन फेऱ्या मारू द्या. बराच वेळ बसून एकदम उठले की चक्कर येते, तेव्हा हाताला धरून सावकाश उठवा. दमली तर आतल्या खोलीत डाव्या कुशीवर झोपू द्या, उताणी नको, कारण गर्भाशयाचा भार मागच्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो. सजवलेली नाव आणि चंद्रकोर तोवर बाकीच्या बायकांना फोटोला होतात.

सुमनच्या सासूबाई परवा पुन्हा आल्या होत्या. धाकट्या सुनेला पाचवा लागला आहे. पिशवीतून त्यांनी एक घडी घातलेला कागद काढला. माझाच होता, घासांच्या हिशेबाचा, हळदीचे डाग पडलेला. म्हणाल्या, "हिला साखर नाही. मग घास किती धरायचे, ते ह्याच्याच मागे लिहून द्या."

मी लिहून दिले : पाच.